वळणावर सरळ सुटणारा रोबो

आमचा लाइन फॉलोअर, म्हणजे काळी रेषा धरून स्वतःहून चालणारा रोबो, वळणावर रेषा सोडायचा. नव्या रोबोचं ते होतंच, म्हणून सुरुवातीला कुणी मनावर घेतलं नाही. पण तो ज्या पद्धतीने रेषा सोडायचा, ते मला काही केल्या पटत नव्हतं. वळण आलं की तो व्यवस्थित वळायला लागायचा. रेषा सेन्सरच्या पट्टीखालून हळूहळू टोकाकडे सरकायची. आणि ती अगदी टोकाला पोचली, म्हणजे जिथे सगळा जोर लावून वळायला हवं, नेमकं तिथे तो वळणं सोडून द्यायचा. दोन्ही चाकं सारख्या वेगाने आणि रोबो नाकासमोर, थेट टेबलाच्या कडेकडे. माझ्या जोडीदाराने दोन वेळा त्याला खाली पडता पडता झेललं.

रोबोत काही अवघड नव्हतं. अर्डुइनो नॅनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड, दोन एन-२० गिअर मोटरी, एक मोटर ड्रायव्हर, मागे दोन चाकं, पुढे एक छोटा कॅस्टर आणि चाकांच्या अक्षापासून ८ सेंटीमीटर पुढे आठ इन्फ्रारेड सेन्सरची पट्टी. दोन सेन्सरमधलं अंतर साडेनऊ मिलीमीटर, आणि पांढऱ्या ट्रॅकवर १९ मिलीमीटर रुंदीची काळी टेप. म्हणजे रेषा कुठेही असली तरी दोन-तीन सेन्सरना ती दिसतेच. हे महत्त्वाचं आहे, कारण टेप सेन्सरमधल्या अंतरापेक्षा अरुंद असेल तर ती दोन सेन्सरच्या मधल्या जागेत हरवते आणि पुढचं सगळं गणित कोलमडतं.

गणित असं. प्रत्येक सेन्सरचं रीडिंग कॅलिब्रेशननंतर, म्हणजे सेन्सरला आधी पांढरं आणि काळं दाखवून घेतल्यावर, ० ते १००० मध्ये येतं, ० म्हणजे पांढरं आणि १००० म्हणजे काळं. सेन्सरना डावीकडून ० ते ७ असे क्रमांक द्यायचे. प्रत्येक रीडिंगला त्याच्या क्रमांकाने गुणायचं, सगळे गुणाकार मिळवायचे आणि रीडिंगच्या बेरजेने भागायचं. ही भारित सरासरी झाली. हजाराने गुणून ठेवली की रेषेची जागा ० ते ७००० मधल्या एका आकड्यात मिळते. मध्य ३५००. जागेतून ३५०० वजा केले की एरर. रेषा उजवीकडे असेल तर एरर धन, डावीकडे असेल तर ऋण. एररला `Kp` या आपण ठरवलेल्या आकड्याने गुणायचं, प्रोग्रामच्या मागच्या फेरीपासून एरर किती बदलली त्याला `Kd` या दुसऱ्या आकड्याने गुणायचं, दोन्ही मिळवायचे आणि ते एका मोटरच्या वेगात घालून दुसऱ्या मोटरच्या वेगातून काढायचं.

यातला `Kd` कशाला लागतो हे मला आधी नुसतं पाठ होतं, कळलं रोबो डोलायला लागल्यावर. आपण चाकांना फरक देतो त्याने रोबोची दिशा बदलते, जागा नाही. दिशा बदलल्यावर पुढे जाताना हळूहळू जागा बदलते. त्यामुळे रोबो रेषेवर परत येतो तेव्हा त्याचं तोंड अजून तिरकंच असतं. एरर शून्य झाली म्हणून नुसता `Kp` गप्प बसतो आणि रोबो रेषा ओलांडून पलीकडे जातो. मग तिकडून परत इकडे, झोपाळ्यासारखं. `Kd` वाली संख्या सांगते की एरर किती झपाट्याने कमी होतेय, आणि रोबो रेषेवर पोचायच्या आधीच तोंड सरळ करायला लागते. सेन्सरची पट्टी चाकांच्या पुढे असण्यानेही थोडं हेच काम होतं, कारण तोंड तिरकं असलं की पुढची पट्टी जास्त सरकते आणि दिशेची चूकही एररमध्ये मिसळते. म्हणून पट्टी चाकांच्या अगदी जवळ लावलेले रोबो फार डोलतात.

एवढं समजल्यावर आम्ही `Kp` आणि `Kd` फिरवत बसलो. आठ दिवस. सरळ रस्त्यावर रोबो छान चालायला लागला. वळण मात्र सुटायचंच. `Kp` वाढवला की थोडं जमायचं, पण मग सरळवर डोलायचा. म्हणून `Kd` वाढवला. तेव्हा एक गोष्ट दिसली आणि ती मी वहीत लिहून ठेवली: `Kd` जितका जास्त, तितका रोबो वळणावर *लवकर* सरळ होतो. डोलणं थांबवणारी संख्या वळणातून बाहेर का ढकलत असेल, याचं उत्तर मला सुचेना. मोबाइलवर स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढला. त्यात स्पष्ट दिसलं की शेवटच्या क्षणी आतलं चाक थांबलेलं असतं आणि रेषा टोकाच्या सेन्सरच्या बाहेर सरकत असतानाच ते परत वेग घेतं. चाक अडकलेलं नव्हतं, मोटर कमजोर नव्हती. प्रोग्रामनेच त्याला वेग घ्यायला सांगितलं होतं.

मग आकडे बघायचं ठरलं. प्रत्येक फेरीला जागा आणि दोन्ही मोटरींचे वेग `Serial.print` ने केबलवरून संगणकावर छापायला लावले, आणि लांब केबल हातात धरून जोडीदार रोबोच्या मागे चालला. रोबो एकदम वेगळाच वागायला लागला. सरळ रेषेवरही नीट राहीना. केबल ओढली जातेय म्हणून केबल काढली, तरी तेच. प्रिंटच्या ओळी काढल्या की पुन्हा पहिल्यासारखा.

हे कोडं तासाभरात सुटलं, आणि सुटलं म्हणून पुढचं सगळं शक्य झालं. सिरीयलचा वेग सेकंदाला ९६०० बिट होता. एक अक्षर पाठवायला दहा बिट लागतात, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं, एका अक्षराला साधारण एक मिलीसेकंद. आमची एक ओळ वीसेक अक्षरांची. सुरुवातीची काही अक्षरं बफरमध्ये मावतात, पण बफर भरला की प्रत्येक फेरीला प्रोग्राम अक्षरं बाहेर पडण्याची वाट बघत थांबतो. नॅनोवर केबल काढली तरी अक्षरं पाठवणं चालूच राहतं, म्हणून केबल काढून फरक पडला नाही. प्रिंट नसताना आमची एक फेरी दीड मिलीसेकंदाच्या आत होत होती. त्यातलं सेन्सर वाचणारं एक `analogRead` शंभरएक मायक्रोसेकंद घेतं आणि अशी आठ. प्रिंट असताना तीच फेरी वीस मिलीसेकंदांवर गेली होती.

आणि `Kd` ज्या फरकाला गुणतो तो फरक "मागच्या फेरीपासून" असतो. फेरी लांबली की तेवढ्याच हालचालीला फरक मोठा दिसतो. म्हणजे प्रोग्राममध्ये `Kd` चा आकडा न बदलताही त्याचा जोर दहा-पंधरा पटीने वाढला होता, शिवाय रोबो दोन फेऱ्यांच्या मध्ये सेंटीमीटरभर आंधळा चालत होता. `Kd` चा आकडा फेरीच्या वेळेशी बांधलेला असतो, सुटा नसतो. कुणी सांगितलेला `Kd` आपल्या रोबोला का लागू पडत नाही, त्याचं निम्मं कारण हेच आहे.

तेव्हापासून आमची फेरी बरोबर दोन मिलीसेकंदांची आहे, प्रोग्रामला कमी वेळ लागला तरी.

```cpp
if (micros() - t0 < 2000) return;
t0 += 2000;
int e = readPosition() - 3500;
int u = Kp * e + Kd * (e - eOld);
eOld = e;
setMotors(base + u, base - u);
```

`setMotors` मध्ये डावी मोटर आधी, उजवी नंतर. वेग २५५ च्या वर जाऊ द्यायचा नाही, आणि संख्या ऋण आली तर चाक उलटं फिरवायचं.

आता आकडे बघायचे तर धावताना छापायचे नाहीत, साठवून ठेवायचे. नॅनोच्या चिपमध्ये रॅम फक्त २ केबी. आम्ही दोनशे जागांचं वर्तुळाकार अ‍ॅरे केलं, दर आठव्या फेरीला त्यात जागा लिहायची आणि भरलं की पहिल्यापासून पुन्हा लिहायचं. म्हणजे शेवटची तीनेक सेकंद कायम हाताशी. रोबो ट्रॅकबाहेर गेला की उचलायचा, बटण दाबायचं, केबल लावायची आणि शांतपणे आकडे वाचायचे.

पहिल्याच धावेत एरर अशी होती: ९५०, १२५०, १५४०, १८३०, २०२०, २१९०. इथवर ठीक, रेषा उजवीकडे चालली आहे. आणि पुढे: १८३०, १३८०, ९३०, ४६०, ०, ०, ०.

"ते शून्य आपण उचलल्यावरचं असणार," जोडीदार म्हणाला. शंका रास्त होती. रोबो हवेत धरला की कुठूनच प्रकाश परत येत नाही, आठही सेन्सरना काळंच दिसतं, आणि आठही सारखे असले की सरासरी बरोबर मध्यावर येते. म्हणून दुसऱ्या धावेत जागेबरोबर रीडिंगची बेरीजही साठवली. हवेत असताना बेरीज आठ हजारांच्या आसपास असायला हवी. या शून्यांसमोर बेरीज होती ४८०. रोबो जमिनीवरच होता, पांढऱ्यावर, आणि रेषा कुठेच नसताना "मी बरोबर मध्यावर आहे" असं समजत होता.

आमच्या आधीच्या बॅचच्या एक ताई त्या दिवशी लॅबमध्ये होत्या. त्यांना कागद दाखवला.

"पांढऱ्यावर आठही सेन्सर किती दाखवतात?" त्यांनी विचारलं.

"शून्य दाखवणार ना ताई, कॅलिब्रेशन केलंय."

"दाखवणार म्हणतेस, की बघितलंयस? चारशे ऐंशीला आठाने भाग बरं."

साठ. प्रत्येक सेन्सर कोऱ्या पांढऱ्यावर साठ दाखवत होता. हजारात साठ, म्हणजे सहा टक्के. तेवढ्याने काय बिघडणार, असं मला वाटलं. ताईंनी कागद माझ्याकडे सरकवला आणि म्हणाल्या, "रेषा सातव्या सेन्सरखाली आहे असं धर आणि हाताने कर."

ते गणित इथे तसंच मांडते, कारण माझ्या डोक्यात खरा उजेड पडला तो इथे.

रेषेचा मध्य सातव्या सेन्सरखाली: सातवा ९००, सहावा ३००, बाकीचे सहा प्रत्येकी ६०. गुणाकारांची बेरीज ६३०० अधिक १८०० अधिक ९००, म्हणजे ९०००. रीडिंगची बेरीज १५६०. भागाकार ५.७७. हजाराने गुणून ३५०० वजा केले की एरर साधारण २२७०. खरं तर ती तीन हजारांच्या वर हवी होती.

आता रेषा आणखी एक सेन्सरभर बाहेर सरकली. सातव्याला तिची फक्त कड दिसतेय: सातवा ३००, बाकीचे सात प्रत्येकी ६०. गुणाकार २१०० अधिक १२६०, म्हणजे ३३६०. बेरीज ७२०. भागाकार ४.६७. एरर ११६७.

रेषा लांब गेली आणि एरर निम्मी झाली! पूर्ण बाहेर गेली की आठही साठ-साठ, आणि एरर शून्य.

साठ हा आकडा रेषेसमोर लहान असतो, पण असे सात जण एकत्र मध्याकडे ओढत असतात. रेषा पट्टीच्या मध्याजवळ असते तोवर रेषेचा वाटा मोठा, म्हणून ती ओढ फारशी जाणवत नाही. रेषा बरोबर मधे असेल तर ओढ अजिबातच दिसत नाही, कारण दोन्ही बाजू सारख्या. आम्ही रोबो हातात धरून तपासायचो तेव्हा नेहमी रेषेच्या मध्यावर ठेवायचो आणि ३५०० दिसले की खूश व्हायचो. रेषा टोकाबाहेर जाऊ लागली की तिचा वाटा घटतो, पांढऱ्याचा तेवढाच राहतो, आणि सरासरी मध्याकडे पळते.

`Kd` चं कोडंही याच कागदावर सुटलं. त्या वेळी आमचा `Kp` ०.०८ होता, `Kd` २, आणि दोन्ही मोटरींचा पायाभूत वेग २५५ पैकी १६०. नोंदीनुसार रेषा एक सेन्सरभर सरकायला ४० मिलीसेकंद लागत होते, म्हणजे २० फेऱ्या. त्यात एरर २२७० वरून ११६७ वर आली, म्हणजे फेरीला साधारण ५५ ने कमी. शेवटी `Kp` म्हणतो ११६७ गुणिले ०.०८, म्हणजे ९३ ने उजवीकडे वळ. `Kd` म्हणतो उणे ५५ गुणिले २, म्हणजे ११० ने डावीकडे. एकूण उणे १७. रेषा उजवीकडे निसटत असताना रोबोला किंचित डावीकडे वळायचा हुकूम मिळत होता. `Kd` आपलं काम चोख करत होता: एरर झपाट्याने कमी होतेय म्हणजे आपण रेषेवर परत येतोय, आता तोंड सरळ करा. त्याला दिलेला आकडाच उलटा होता.

साठ आले कुठून, हेही शोधलं. दोन कारणं निघाली. कॅलिब्रेशन करताना आम्ही रोबो हाताने रेषेवरून आडवा फिरवायचो आणि नकळत पट्टी खाली दाबायचो. धावताना पुढचा भाग मिलीमीटरभर वर उचलला जातो, परतणारा प्रकाश कमी होतो आणि पांढरं किंचित काळपट दिसतं. दुसरं कारण मुळातलं आहे: कॅलिब्रेशन प्रत्येक सेन्सरचं *सगळ्यात कमी* रीडिंग शून्य मानतं. सगळ्यात कमी रीडिंग क्वचितच येतं. त्यामुळे कितीही काळजीने कॅलिब्रेट केलं तरी रोजचं पांढरं शून्याच्या वरच राहणार. म्हणजे ते साठ घालवत बसण्यात अर्थ नव्हता, ते येणार असं धरूनच सूत्र लिहायला हवं होतं.

पहिला उपाय मी घाईत केला. शंभरच्या खालचं रीडिंग सरळ शून्य धरायचं, वरचं आहे तसं घ्यायचं. वळणं लगेच सुधारली. पण सरळवर, ट्रॅकचे दोन तक्ते जोडले होते त्या सांध्यावरून जाताना रोबो एक बारीक झटका द्यायचा, मोटरींचा 'टक' असा आवाज ऐकू यायचा. पुन्हा नोंद काढली. सांध्यावर टोकाच्या शून्य क्रमांकाच्या सेन्सरचं रीडिंग ९९ वरून १०१ वर जात होतं. माझ्या नियमाने ते ० वरून एकदम १०१ होत होतं. तिसरा आणि चौथा सेन्सर ७०० वर असताना टोकाच्या त्या १०१ ने बेरीज १५०१ होते, जागा ३५०० वरून ३२६४ वर उडते. एका फेरीत २३६ ची उडी, गुणिले `Kd` २, म्हणजे ४७२ चा हुकूम. मोटरला जितका देता येतो त्याहून जास्त. एका फेरीपुरताच, म्हणून रोबो वळला नाही, फक्त दचकला.

उपाय सोपा निघाला. कापायचं नाही, वजा करायचं. प्रत्येक रीडिंगमधून शंभर कमी करायचे आणि ऋण आलं तर शून्य. मग १०१ चा होतो १, आणि जागा हलते ती तीनच आकड्यांनी.

```cpp
int readPosition() {
  long top = 0, total = 0;
  for (int i = 0; i < 8; i++) {
    int v = calibrated(i) - 100;
    if (v < 0) v = 0;
    top += (long)v * i * 1000;
    total += v;
  }
  if (total < 150)
    return lastPos < 3500 ? 0 : 7000;
  lastPos = top / total;
  return lastPos;
}
```

यात `long` दोन ठिकाणी मुद्दाम आहे. नॅनोवर `int` ३२७६७ पर्यंतच जातो, आणि इथले गुणाकार लाखांत जातात. `int` ठेवला तर जागेचा आकडा मधूनच वेड्यासारखा उड्या मारतो आणि आपण दोष सेन्सरला देत बसतो. `total < 150` ची ओळ दोन कामं करते. रेषा दिसतच नसेल तर शून्याने भागायची वेळ येत नाही, आणि रेषा शेवटी ज्या बाजूला दिसली होती त्या बाजूचं टोक परत मिळतं. आता तोच प्रसंग पुन्हा मांडला तर रेषा सहाव्याखाली असताना एरर २५००, सातव्याखाली ३३००, कडेवर ३५००, आणि पूर्ण बाहेर गेल्यावरही ३५००. आकडा चढतो आणि चढलेलाच राहतो.

प्रोग्राम भरला, रोबो ठेवला, आणि तो सरळवरच थरथरायला लागला. क्षणभर वाटलं काहीतरी मोडलं. मग लक्षात आलं की साठांच्या ओढीने आतापर्यंत प्रत्येक एरर आखडून मिळत होती. रेषा पट्टीच्या आत असताना रीडिंगची बेरीज १८०० यायची, त्यातला पांढऱ्याचा वाटा ४८०, उरलेले १३२० खरे. म्हणजे एरर १.३६ पटीने लहान दिसत होती. ती ओढ गेल्यावर त्याच `Kp` आणि `Kd` चा जोर तेवढ्या पटीने वाढला. दोन्हींना १.३६ ने भागलं, `Kp` ०.०६ आणि `Kd` १.५ केला. थरथर थांबली.

आणि वळण! ३५०० गुणिले ०.०६ म्हणजे २१०. बाहेरच्या चाकाला पूर्ण वेग, आतल्याला १६० वजा २१०, म्हणजे ५० ने उलटं. ज्या जागी इतके दिवस तो शांतपणे सरळ जायचा, तिथे आतलं चाक मागे फिरलं, पट्टी झाडू मारल्यासारखी फिरली आणि रेषा परत तिच्याखाली आली. जोडीदार सवयीने टेबलाच्या कडेला हात धरून उभा होता. तो तसाच उभा राहिला आणि रोबो त्याच्या समोरून वळून गेला. आम्ही त्या दिवशी त्याला त्या वळणावरून वीस वेळा तरी नेलं असेल.

त्यानंतर ट्यूनिंगला एक संध्याकाळ पुरली. वेग कमी ठेवून `Kd` शून्य, `Kp` वाढवत नेला, रोबो एकसारखा डोलायला लागला तिथे थांबून थोडा मागे घेतला. मग `Kd` वाढवला, ढकललेला रोबो एक-दोन हेलकाव्यांत स्थिर होईपर्यंत. मोटरी गुणगुणायला लागल्या की `Kd` जास्त झाला, कारण तो आता रेषेची हालचाल सोडून रीडिंगमधली कुरबुर मोठी करतोय. वेग वाढवला की डोलणं परत येतं, याची तयारी ठेवावी लागते. मोटरचा उशीर बाजूला ठेवून कागदावर मांडलं तरी नुसत्या `Kp` वर वेग दुप्पट केल्यावर डोलणं शमवण्याची ताकद सत्तर टक्क्यांवर येते, आणि प्रत्यक्षात मोटरच्या उशिराने आणखी कमी. बॅटरी ताजी असतानाही हेच होतं, म्हणून ट्यूनिंग आम्ही नेहमी नुकत्याच चार्ज केलेल्या बॅटरीवर करतो.

शेवटच्या बाजूचं टोक लक्षात ठेवण्याचा नियम एका ठिकाणी फसतो, ते लगेच पुढच्या ट्रॅकवर दिसलं. त्यात सरळ रेषेत पाच सेंटीमीटरची मोकळी जागा सोडली होती. रोबो रेषेवर अगदी मधोमध चालत आला, रेषा संपली तेव्हा जागा ३५२० होती, मध्यापासून केसभर उजवीकडे. नियमाने ७००० दिले आणि रोबो जागच्या जागी गर्रकन उजवीकडे फिरला. पुढच्या वेळी ३४८० होती, डावीकडे फिरला.

नोंदीत दोन्ही प्रसंगांतला फरक उघड होता. वळणावर हरवलेली रेषा आधी टोकाच्या सेन्सरखालून जाते, एरर तीन हजारांवर गेलेली असते. मोकळ्या जागेत हरवलेली रेषा पट्टीच्या मधूनच नाहीशी होते. म्हणून आता रेषा दिसेनाशी झाली आणि शेवटची एरर, धन-ऋण न बघता, २५०० पेक्षा कमी असेल तर `lastPos` आहे तसाच परत द्यायचा. तो बदलत नाही, त्यामुळे `Kd` चा वाटा शून्य होतो आणि रोबो होता तसा पुढे जातो. ही मुभा ५० फेऱ्यांची, म्हणजे १०० मिलीसेकंद. सेकंदाला ६० सेंटीमीटर वेगाने तेवढ्यात सहा सेंटीमीटर पार होतात. तोवर रेषा मिळाली नाही तर जुना नियम, टोकाकडे वळायचं.

मोकळी जागा वळणाच्या ऐन मध्यावर असेल तर मात्र हे अजून पुरत नाही. तिथे शेवटची एरर १४००-१५०० असते, रोबो तेवढाच वाक धरून पुढे जातो, आणि वळण पुढे आवळत गेलेलं असेल तर रेषा पट्टीच्या बाहेरून निघून जाते. सध्या आम्ही मोकळ्या जागेत शिरण्याआधीच्या दहा फेऱ्यांत एरर कोणत्या बाजूला वाढत होती ते साठवून ठेवतोय, म्हणजे मुभा संपल्यावर कुठल्या टोकाकडे वळायचं ते त्या कलावरून ठरेल. कालच्या नऊ धावांपैकी सहा वेळा तो बरोबर बाजूला वळला. उरलेल्या तीन धावांच्या नोंदी छापून टेबलावर ठेवल्या आहेत, आज त्या वाचायच्या.